सहा महिन्यांची भाषा

हॉस्पिटलमधला वॉर्ड वर्षअखेर बंद होणार आणि आपली नोकरी जाणार, हे सिस्टरला कळलं. परदेशी जायचं तिने ठरवलं, पण आधी कुठली भाषा शिकायची यावर घोडं अडलं होतं.

"जपानी घ्या," भाषेचे मास्तर म्हणाले. "ड्युटी सांभाळून सहा-आठ महिन्यांत पहिली पायरी होईल. अक्षरं डोकं खातात, पण मागणी भरपूर आहे. मात्र तिथे काम वृद्धांच्या देखभालीचं, नर्सचं नाही. जर्मन घेतलीत तर नर्सच राहाल. पण परीक्षा वरच्या पातळीची, दीड वर्षं धरा."

दीड वर्ष ऐकूनच ती मागे सरली. शाळेत इंग्रजीने तिला दोनदा आपटलं होतं. नवरा म्हणाला, "लवकर होईल ते कर." झालं, जपानी ठरली. फक्त क्लासला नाव घालायचं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा छातीखाली हाताने चोळत काहीतरी पुन्हापुन्हा सांगू लागले. ते दुसऱ्या मुलखातले, त्यांची बोली तिला कळेना, आणि मुलगा औषधं आणायला गेलेला. गॅस असेल असं समजून तिने उशी उंच केली, 'हो हो आजोबा' म्हणत पाठीवर थोपटलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. मागे पाहिलं तर आजोबा घामाने निथळत होते. डॉक्टर धावत आले, ईसीजी निघाला. हार्ट अटॅक होता. वेळेवर सापडला म्हणून वाचले.

मुलाने नंतर सांगितलं, "हात बधिर झालाय म्हणत होते."

 पंधरा वर्षांच्या नोकरीत सिस्टर इतकी कधी घाबरली नव्हती.

संध्याकाळी तिने मास्तरांना विचारलं, "सहा महिन्यांनी तिथला म्हातारा हात बधिर झाला म्हणाला, तर मला कळेल?"

मास्तरांनी चष्मा काढला. "खरं सांगू? नशीब असेल तर."

"आणि जर्मनमध्ये?"

"सहा महिन्यांत तिथेही नाही. पण वरची परीक्षा झाल्याशिवाय तिथले लोक तुम्हाला नर्स म्हणून पेशंटजवळ उभंच करणार नाहीत."

ज्या परीक्षेला ती भीत होती तिचाच आधार वाटला. तिने जर्मनला नाव घातलं.

"आणि वॉर्ड बंद झाल्यावरचे मधले महिने?" नवऱ्याने विचारलं.

"लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळीन. भीती वाटतेय रे, खूप वाटतेय. पण त्या म्हाताऱ्याचा घाम डोळ्यांसमोरून जात नाही."

 उद्यापासून सकाळचा स्वयंपाक मी करीन, एवढंच तो म्हणाला.

जर्मनच्या पहिल्या तासाच्या दिवशी ती आधी आजोबांना भेटायला गेली. 'कुठे दुखतंय?' हे त्यांच्या बोलीत मुलाकडून घोकून घेतलं आणि धीर करून विचारलं. आजोबांचा चेहरा खुलला. तिचा हात धरून ते भडाभडा बोलत सुटले, मध्येच डोळे पुसले, पुन्हा बोलले. तिला त्यातलं अक्षरही कळलं नाही. भीती तशीच होती, आणि ती घेऊनच सिस्टर क्लासला निघाली.