राजाभाऊंचं सव्वा लिटर

आमच्या ह्यांना, म्हणजे राजाभाऊंना, बढाई मारल्याशिवाय अन्न पचत नाही. सांगलीत पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, पण बोलायचे असे की कृष्णा ह्यांच्याच सहीने वाहते. मुलाची बदली चंदीगडला झाली, आम्हीही आलो, आणि ह्यांना नवं वेड लागलं: इथलं दूध. रोज पहाटे सेक्टर ओलांडून डेअरीवर जायचं आणि बागेतल्या सरदारजींना सांगायचं, "हमारा पोता पंजाबी बच्चों जैसा पीता है जी."

पोता म्हणजे आमचा नातू, अडीच वर्षांचा गंधार. त्याला चार-चार दिवस शी होत नसे. मग दगडासारखी कडक व्हायची, रक्ताची रेघ दिसायची. नंतर तो दुखेल या भीतीने पाय आवळून पडद्यामागे उभा राहायचा. मला ते बघवत नसे. हे मात्र सुनेवर घसरायचे, "प्राची, तुझ्या कोरड्या पोळ्यांनी पोराचं पोट बिघडलंय." पोर पोळी खातच नव्हतं, हे ह्या शहाण्याला दिसलं नाही.

शेवटी आम्ही तिघं त्याला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोट तपासून त्यांनी विचारलं, "दूध कितना लेता है?"

"दो बोतल," प्राची म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं.

ह्यांचा अपमान झाला. छाती काढून म्हणाले, "पाँच! तीन तो मैं पिलाता हूँ, बाग में. सव्वा लिटर पक्का."

प्राचीने मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं: दुधाने पोट भरतं, मग मूल जेवत नाही. दुधात चोथा नसतो, लोहही नसल्यातच जमा. शी कडक होते, दुखते, मूल दाबून धरतं, ती आणखी कडक होते. बाटली बंद. दिवसाचं दूध फार तर चारशे मिली, कपाने, जेवणानंतर. वरण, भाजी, पपई, नाशपाती, दिवसभर पाणी. जेवण झालं की पायाखाली पाट देऊन दहा मिनिटं बसवायचं, रागवायचं नाही. शी मऊ करणारं औषध काही आठवडे, आणि सांगितल्याशिवाय ते थांबवायचं नाही. रक्तातलं लोहही तपासायला सांगितलं.

पहिले दोन दिवस गंधार बाटलीसाठी रडला. तिसऱ्या दिवशी भुकेने वरणभात मागितला. तीन आठवड्यांनी एका सकाळी बाथरूममधून हाक आली, "मम्मा, हो गया." रडण्याचा आवाज नव्हता. प्राची दारातच बसली आणि ढसाढसा रडली.

हे चपला घालून बागेत. "मैंने सच बोला, इसलिए बीमारी पकड़ी गई." चीड याची येते की ते खरं आहे.

प्राचीला मात्र "माझं चुकलं" म्हणायला ह्यांची जीभ अजून रेटत नाही.