बकरीचा कूलर

आता तुमच्यापासून काय लपवू? अकोल्याच्या भर मे महिन्यात मी एका बकरीला गारेगार केलं अन् एका माणसाला भाजून काढलं. माणूस कोण? माझेच फिजिक्सचे सर!

बारावी मी मधेच सोडली. काहून सोडली ते विचारू नका, ते सांगायला घरातली सगळी मोठी माणसं बसलीच आहेत. मी गजूभाऊच्या कूलरच्या दुकानात लागलो. त्यांनी मला नुसतं कूलरमधलं जुनं, कुजकं गवत उपसायला लावलं. नाकात गवत, कानात गवत!

एक दिवस सरांच्या कूलरची मोटर जळाली. गजूभाऊ म्हणाले, "जाय, एकटा बसवून ये. फसला तं उद्यापासून येऊ नको." घरी बाबांनीही दम दिलेला, काम सुटलं की जूनमध्ये पुन्हा बारावी! म्हणजे माझा जीव त्या मोटरीत.

सरांनी दार उघडलं. "तू? अबे, तुले तं साधा बल्ब जोडता येत नव्हता!"

मी दात खाऊन कामाला लागलो. नवी मोटर बसवली, तिन्ही बाजूंना नवं गवत भरलं, पंप लावून ते भिजवलं, मोटरीला फिरायला धक्का देणाऱ्या कंडेन्सरला वायरी जोडल्या. बटण दाबलं. भर्रर्र! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं काहीतरी फिरलं हो!

"हवा कुठं हाय बे?" सर म्हणाले.

हे मला पाठ होतं. ही मोठी माणसं दारं-खिडक्या गच्च लावतात अन् घर चिकचिकलं की कूलरला शिव्या देतात. आत आलेली ओली हवा बाहेर कुठून जाणार?

"सर, खिडकी उघडा! जिंदगीभर शिकवलं अन् एवढं माहीत नाही?"

त्यांनी उघडली. झळ आत आली.

"अबे, भाजून राहिलो मी!"

"मग दारही उघडा!"

सरांनी उठून दारही उघडलं. काय सांगू, सरांवर ओरडायला इतकं भारी वाटतं हे मला माहीतच नव्हतं! तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल उडाला अन् थेट कूलरच्या जाळीला चिकटला.

चिकटला? समोरून हवा येत असेल, तर टॉवेल उलट कूलरकडे कसा जाईल?

मागच्या अंगणातून काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, ओरडल्या, "अवो, इकडं या! काश्मीर इकडं हाय!"

धावत गेलो. कूलरचं तोंड घरात, पाठ अंगणात; अन् त्या पाठीशी शेजाऱ्यांची बकरी डोळे मिटून उभी, अंगावर गार तुषार! लाइनची वायर मी कंडेन्सरच्या भलत्याच टोकाला जोडली होती. पंखा उलटा फिरत होता. घरातली हवा ओढायची, ओल्या गवतातून गार करायची अन् बकरीला द्यायची!

वायर बदलली. घरात गार झोत आला. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, एक वायर हलवली तर मोटर उलटी काहून फिरते?"

सरांनी खुर्ची ओढली, पेपरच्या कडेला आकृती काढली. अन् मला समजलं! एकदम, लख्ख!

मी चिडलो. "असं वर्गात काहून नाही सांगितलं?"

"वर्गात तू कधी विचारलं बे?"

मग त्यांनीच गजूभाऊंना फोन केला, "ठेव पोराले. उशिरा पेटते, पण पेटते."

मी छाती फुगवून बाहेर आलो, पाना उचलायला वाकलो, अन् मागून दाणकन धडक! आडवाच झालो.

बकरी होती. तिचं काय चुकलं? तिचा चांगला चालू कूलर मी बिघडवला होता.