दुसऱ्या कंपनीची शिफारस

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आंबा पल्पच्या कारखान्यात मी इंटर्न होते. साठ्याच्या सॉफ्टवेअरसाठी तीन कंपन्यांची तुलना करून मेमो लिहायला मालकांनी सांगितलं. पहिलीचं स्वस्त होतं, पण बॅचनुसार साठा दाखवत नव्हतं. तिसरीचं नेट गेलं की अडायचं, आणि आमच्याकडे नेट सारखं जायचं. दुसरीचं महाग असलं तरी नेटशिवाय चालायचं आणि बॅचही दाखवायचं. डबा खराब निघाला तर तेवढीच बॅच परत मागवता आली असती. म्हणून मी दुसरी सुचवली.

मालकांनी मेमो नीट वाचला.

"छान लिहिलंस गो. पण तिसरीवाला आमच्या व्याह्यांचा भाचा. नाही कसं म्हणू?"

"मग मेमो कशाला, काका?"

"मुंबईच्या भागीदाराला दाखवायला. शेवटी नाव तेवढं बदल."

मी कॉम्प्युटरपुढे बसले. वरची सगळी कारणं खरी होती. त्यांच्याखाली तिसरीचं नाव लिहायला हात उचलेना, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.