टाचणीची बॅग आणि माझं सभ्य इटालियन

तिला टाचणी हे नाव माझ्याच वर्गानं ठेवलं. बाई शिवणकाम करते, आणि दोन ओठांत चार-पाच टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय की, टाचण्या नसल्या तरी ती तोंडाच्या एका कोपऱ्यातूनच बोलते. इटालियन स्वर असे कोपऱ्यातून निघत नाहीत. मी आठ महिने तिला सांगत होते, तोंड उघड. ती हसायची आणि पुन्हा कोपऱ्यातूनच बोलायची.

मी एकतीस वर्षं इटालियन शिकवते. खाली वह्या-पेनांचं दुकान, वर माझी खोली, बारा खुर्च्या आणि एक फळा. माझ्या हाताखालून गेलेली किती पोरं त्या देशात स्थायिक झाली, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मी स्वतः मात्र तिथे कधीही गेलेले नाही. तीनदा शिक्षकांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तीनदा नकार आला. मग सासूबाईंचं आजारपण, मग माझे गुडघे. माझे दोन पासपोर्ट कोरेच्या कोरे संपले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमचे हे मला एकदा म्हणाले होते. गमतीनंच म्हणाले, पण मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि ही टाचणी, जिला अजून क्रियापदं नीट चालवता येत नव्हती, ती तिथल्या एका शिवणशाळेनं बोलावलं म्हणून तीन आठवडे जाऊन आली. तिनं माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. तरी ती निघाली त्या दिवशी मी तिला 'सांभाळून जा' म्हटलं आणि घरी येऊन भांडी इतक्या जोरानं घासली की यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "कोणाला घासतेयस?"

ती परत आली, बॅग आली नाही.

चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तोवर वर्ग सुटला होता. तिच्या हातात मेलचा छापलेला मसुदा होता. विमान कंपनी तिथलीच, छोटी. इंग्रजीतल्या तक्रारीला नुसतं ठरावीक छापील उत्तर येत होतं, म्हणून कुणीतरी तिला सांगितलं होतं की इटालियनमध्ये लिही. विमानतळावरच्या खिडकीवर तिनं रीतसर तक्रार नोंदवली होती, नोंदीचा क्रमांक होता, बॅगेला लावलेल्या पट्टीचा तुकडाही जपून ठेवला होता.

"बाई, एवढं तपासून द्या. त्यात माझे फर्मे आहेत."

फर्मे म्हणजे कपडा बेतायचे कागदी नमुने. तिथल्या शिक्षकांना दाखवायला तिनं चौसष्टच्या चौसष्ट नेले होते. तेवीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या तपकिरी कागदांवर होती: कुणाचा एक खांदा उतरता, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एका बाजूचा स्तन काढलेला. फर्म्यावर ती गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही, चित्र काढते. बदक, छत्री, किल्ली, अर्धं टरबूज. कुठलं चित्र कोणाचं, हे ती मरेपर्यंत सांगणार नाही. ते कागद गेले तर तिचा धंदा पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू, आणि त्यातल्या काही बाया तर आता मापं द्यायला उभ्याही राहू शकत नव्हत्या.

मसुदा वाचून मला हसू आलं. वर 'चाओ', म्हणजे 'काय गं', आणि खाली चक्क 'एक मिठी'. मध्ये सगळीकडे 'व्होल्यो', म्हणजे 'मला पाहिजे'. मला बॅग पाहिजे, मला उत्तर पाहिजे, लवकर पाहिजे. मी लाल पेन घेतलं. 'चाओ'च्या जागी 'स्पेत्ताबिले', म्हणजे 'सन्माननीय'. मिठीच्या जागी 'दिस्तिन्ती सालूती', आपलं 'कळावे' असतं तसं. 'व्होल्यो' खोडून 'व्होर्रेइ' केलं, 'मिळालं तर बरं होईल' अशा सुराचं.

"म्हणजे मी मागायचं, पण मागतेय असं दिसू द्यायचं नाही," टाचणी म्हणाली.

"बरोबर."

"माझ्या जावेला जमेल हे."

पुढे तिनं लिहिलं होतं, मला माहीत असतं तर मी फर्मे हातातल्या पिशवीत ठेवले असते. दोन्हीकडे तिनं एकच रूप वापरलं होतं, 'आव्रेइ'. ही चूक सगळे करतात. 'से', म्हणजे 'जर', त्याच्यानंतर 'आव्हेस्सी' येतं. 'आव्रेइ' वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, 'ठेवले असते' तिथे. 'बॅग दिली नाही तर वकील करीन' या धमकीचं मी 'बॅग न सापडल्यास मला नाइलाजानं पुढचा मार्ग पत्करावा लागेल' असं केलं. इथपर्यंत माझं काम चोख होतं, आणि त्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

मग यादी आली.

बॅगेत काय काय होतं, ते तिनं एकाखाली एक लिहिलं होतं. सुतळीनं बांधलेले तपकिरी कागद, वरच्या कागदावर हिरव्या खडूचं बदक. बटणांची काचेची बरणी. लाकडी पट्टी, टोकाला कुत्र्यानं चावलेली. तीन ब्रा, दोन चांगल्या. आणि शेवटी: निळी वाटी, माझ्या मैत्रिणीनं दिलेली, जिच्याकडे मी राहिले, जी मला बहीण म्हणते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ये म्हणते.

मला ती ओळ बोचली. खोटं कशाला सांगू? तीन आठवड्यांत हिला तिथे बहीण मिळाली. एकतीस वर्षं मी त्या भाषेची धुणीभांडी केली, आणि मला 'पुन्हा ये' म्हणायला तिथे एक माणूस नाही. मी लाल पेननं यादीवर वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि तिच्या जागी लिहिलं, 'वैयक्तिक चीजवस्तू व व्यावसायिक साहित्य'.

"यादी नको?" तिनं विचारलं.

"औपचारिक पत्रात ब्रा मोजत नाहीत."

ती हसली. "तुम्ही म्हणाल तसं." मी तिथेच तिच्या फोनवर सगळं टाइप करून दिलं. तिनं न वाचताच पाठवलं. तुम्ही तपासलंय, मग मी कशाला वाचू, म्हणाली.

हरवलेल्या वस्तूच्या पत्रात वस्तूचं वर्णन लागतं, हे शाळकरी मुलालाही कळतं. मलाही कळत होतं.

पुढचे बारा दिवस मी मूग गिळून बसले. माझी खिडकी तिच्या दुकानासमोर उघडते. ती एकेका गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावून मापं घेताना मला दिसायची. एकदा चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी आली. टाचणीनं जमिनीवर बसून, फीत तिच्या पाठीमागून सरकवत अर्धा तास माप घेतलं. म्हातारी दमून रडायला लागली. मी पडदा ओढून घेतला, आणि तरीही माझ्या मनात आलं ते हेच, की हिला आता उन्हाळ्यात पुन्हा जायला सवड होणार नाही.

पत्र गेल्यापासून तेराव्या दिवशी टाचणी फोन घेऊन वर आली. उत्तर आलं होतं. तिला बरंचसं कळलं होतं, पण खात्रीसाठी मी मोठ्यानं वाचावं, असं तिचं म्हणणं. मी वाचलं. बॅगेची पट्टी वाटेत निघाली असावी. पट्टी नसलेल्या काळ्या, मध्यम आकाराच्या, चाकांच्या बॅगा गोदामात पुष्कळ आहेत. आपल्या पत्रातील वर्णनावरून शोध घेणं शक्य नाही. आतील वस्तू शक्य तितक्या नेमक्या कळवाव्यात. तक्रार नोंदवल्यापासून एकविसाव्या दिवसानंतर बॅग हरवली असं धरून भरपाईचं प्रकरण सुरू होईल.

"नेमक्या?" टाचणी म्हणाली. "मसुद्यात मी तर नेमक्याच लिहिल्या होत्या. बदकसुद्धा."

आता माझ्यापुढे सोपी वाट होती. औपचारिक भाषेत असंच लिहितात, असं म्हणायचं. तिनं मान डोलावली असती.

"ती यादी मी काढली," मी म्हटलं. "ब्रांमुळे नाही. तुझी ती बहीण मला बघवली नाही. तू गेलीस हेच मला बघवलं नाही."

ती फळ्याकडे बघत बसली. मग बोलली, आणि पहिल्यांदाच पूर्ण तोंड उघडून बोलली.

"कापताना कापड बिघडलं ना बाई, तर मी त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगते. मग ते कितीही ओरडो. तुम्ही बारा दिवस समोर बसून बघत होतात."

"हो."

"मी त्या आजींना रडवलं."

"मी बघितलं."

तिनं खुर्ची पुढे ओढली. "लिहा. चारच दिवस आहेत. नाही, तुम्ही नको, मीच लिहिते. चुका असल्या तर?"

"असतीलच."

"अर्थ बदलत असेल तरच सांगा."

तिनं लिहिलं. बदक, बरणी, चावलेली पट्टी, तिन्ही ब्रा, बहिणीची वाटी. सात चुका होत्या. एकीनंही अर्थ बदलत नव्हता. मी हात मांडीखाली दाबून बसले. वरचं 'सन्माननीय' आणि शोध घेतल्यास आभारी राहीन, हे माझं वाक्य तिनं पहिल्या पत्रातून उचललं, ते मात्र तसंच ठेवलं. "हे चांगलं वाटतं," म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण चांगल्याला चांगलं म्हणायची तिला खोडच आहे.

तक्रारीच्या विसाव्या दिवशी कुरिअरवाल्यानं तिच्या दुकानासमोर काळी बॅग उतरवली. मी खिडकीतून बघितलं. खाली गेले नाही. तासाभरानं तीच वर आली.

"चौसष्ट आहेत," म्हणाली. बसली नाही. फोन माझ्यापुढे धरला. "त्या गोदामाच्या बाईनं लिहिलंय. वाचा. या वेळी मनात वाचा."

मी वाचलं. बॅग उघडली, बदक दिसलं आणि गोदामातले सगळे हसले, असं ती बाई लिहीत होती. तुमचं पत्र वाचून वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, किती छान लिहिता. खाली एक ओळ होती: पहिलं पत्र कुणा वकिलानं लिहिलं होतं का? आम्हाला त्यातून काहीच समजलं नव्हतं.

"काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"माझ्या बाईंनी लिहिलं होतं, असं," टाचणी म्हणाली, आणि कामं पडलीत म्हणून खाली गेली.

एकतीस वर्षांत मी लिहिलेलं इटालियन तिथल्या एका तरी माणसानं वाचलं, ते एवढंच.