खड्ड्याचे तीन आकडे

माणसाने मला वेळ सांगितली की त्यातला खोटा भाग कुठला, हे मी आधी शोधतो. गवंडी आठ दिवस म्हणाला तर त्यातले तीन दिवस तो दुसऱ्याच्या कामावर असणार हे मी धरूनच चालतो. कारखान्यांच्या उभारणीची वेळापत्रकं करण्यात माझी वीस वर्षं गेली. या स्वभावाला मी अनुभव म्हणत आलो. बायको वेगळा शब्द वापरते.

घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायची नवी मोठी प्रेस बसवायची होती. तिच्या पायासाठी शेडमध्ये चार मीटर खोल खड्डा हवा होता. वर मुरूम, खाली कातळ, आणि शेजारी मशिनं चालू, म्हणजे सुरुंग लावायचा नाही. पोकलेनला ब्रेकर लावून फोडत जायचं. हे काम कासार आंबोलीच्या एका ठेकेदाराकडे होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा, जुन्या शेतकरी घरातला माणूस. कारखान्याखालची जमीन एके काळी त्याच्याच घरची. थोरल्या भावाने ती विकली आणि याने मशिन घेतलं.

प्रत्येक कामाला मी तीन आकडे मागतो. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळंच बिघडलं तर किती. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. तो झाला सरासरी अंदाज. मोठ्यातून छोटा वजा करून सहाने भागलं की तो अंदाज किती हलू शकतो ते कळतं. लोकांना हे तीन आकड्यांचं प्रकरण आवडत नाही. ते एकच आकडा मनात धरतात, अलीकडे पलीकडे दोन-दोन दिवस लावतात आणि मोकळे होतात. बारा असेल तर दहा, बारा, चौदा. असे आकडे आले की मी वहीत शेजारी फुली मारतो.

कामाच्या पहिल्या बैठकीत सर्वांसमोर मी ठेकेदाराला विचारलं. त्याच्याशेजारी त्याचा थोरला भाऊ बसला होता. धंद्यात त्याचीही भागी होती.

"कमीत कमी सा दिस," तो म्हणाला. "बहुदा नऊ लागत्यात. आन् जास्तीत जास्त तीस."

"तीस?" मी हसलो. बाकीचेही हसले. "इतके कशाला हो दादा? सोन्याची खाण काढताय का?"

"जमिनीचं काय सांगावं, सायेब," एवढंच बोलून तो भावाकडे न पाहता खाली पाहू लागला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सहा आणि नऊ इतके नेमके सांगणारा माणूस तिसऱ्या आकड्यालाच तीसवर का उडी मारतो? आमच्या कामात मध्येच मशिन उचलून दुसरीकडे न्यायचं असणार, त्याची ही आधीच केलेली सोय. दोनच दिवसांनी भुकूमला एका बंगल्याच्या साइटवर त्याचा ब्रेकर धडधडताना दिसला. मी गाडी थांबवून फोटो काढला. आमचं काम अजून सुरूच झालं नव्हतं, तर ब्रेकर बिचारा दुसरीकडे नसेल तर कुठे असेल, हा विचार मला शिवला नाही.

त्यात आमच्या कंपनीच्या साहेबांना तारीख हवी होती. ग्राहकाने, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस मागितले होते. खड्डा सोडून बाकी कामांची सरासरी तीस दिवस होती, आणि ती तीन दिवसांनी हलणारी होती. तीसचा आकडा ठेवला तर खड्ड्याची सरासरी बारा, हलणं चार दिवसांचं. अशी हलणी सरळ मिळवायची नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं: नऊ अधिक सोळा, पंचवीस, म्हणजे पाच. बेचाळीस सरासरी, वर पाच दिवस राखीव, सत्तेचाळीस. एवढं दिलं तर सहापैकी पाच वेळा तारीख पाळली जाते, असा ढोबळ हिशोब.

मी तीस खोडून बारा लिहिले. सरासरी नऊ झाली, हलणं एक दिवसावर आलं. एकोणचाळीस अधिक साधारण तीन, बेचाळीस. ग्राहकाला हवे तेवढेच नेमके. आकडे इतके गुण्यागोविंदाने जुळले की तेव्हाच मला स्वतःचा संशय यायला हवा होता. पण तो मी इतरांसाठी राखून ठेवला होता. साहेबांनी तारीख ग्राहकाला लिहून दिली.

सहाव्या दिवशी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात कातळाऐवजी भुसभुशीत भराव लागला. नंतर दगडी बांधकाम, आणि मग पाणी. बुजवलेली विहीर होती. माती तपासायला दोन ठिकाणी भोकं पाडली होती, पण दोन्ही दुसऱ्या कोपऱ्यांत. भराव उपसणं, पाणी काढणं, नवं डिझाइन, विहीर काँक्रीटने भरणं, यात खड्डा सत्तावीस दिवसांनी पुरा झाला. तारीख पंधरा दिवसांनी हुकली.

आढावा बैठकीत पडद्यावर माझा तक्ता होता. खड्ड्यासमोर ठेकेदाराचं नाव आणि आकडे सहा, नऊ, बारा. साहेब त्याला म्हणाले, "जास्तीत जास्त बारा म्हणालात आणि सत्तावीस लावलेत. असा अंदाज देणाऱ्याला मी पुन्हा काम कसं देऊ?" त्याने बाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या वहीत तीस तसेच होते, खोडल्याच्या रेघेखाली. मी म्हणालो, "अंदाज शेवटी अंदाजच असतो, सर." भित्र्या माणसाचं वाक्य. त्याचं नाव ठेकेदारांच्या यादीतून काढायचं ठरलं.

गेटपाशी मी त्याला गाठलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तीस का म्हनलो त्ये इचारलं असतं." तो गाडीच्या दाराला टेकला. "हीर आमचीच. मीच बुजवली, भाऊ म्हनला म्हनून. जमीन इकताना त्यानं सांगितली न्हाई. त्यो शेजारी बसल्याला, तवा म्या कसं सांगू? कंच्या कोपऱ्यात व्हती त्येबी आता शेडमुळं ध्यानात येत न्हवतं. म्हनून तीस सांगितलं. म्हनलं, सायेब हुशार हाय, एकट्याला बलवून इचारील."

लाज वाटली, दुसरा शब्द नाही. "माझा विश्वास नव्हता तुमच्यावर," मी म्हणालो.

"माज्यावर नगं व्हता. तीस तरी ऱ्हाऊ द्यायचं."

तीस ठेवूनही तारीख हुकलीच असती. सत्तेचाळीस कुठे आणि सत्तावन्न कुठे. पण साहेबांनी तो आकडा पाहिला असता, जोखीम काय ते विचारलं असतं, ग्राहकाला आधी सांगता आलं असतं. मी वर गेलो. साहेब बॅग आवरत होते.

"तक्त्यातला बारा माझा होता, सर. त्यांनी तीस दिले होते. यादीतून काढायचं तर मला काढा."

साहेबांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "तीस का म्हणाला होता तो? त्याला काही माहीत होतं का?"

खरं सांगितलं असतं तर जमिनीचा व्यवहार उकरला गेला असता आणि दोघे भाऊ त्यात सापडले असते. त्या माणसाने नाव घालवलं, पण भावाला उघडं पाडलं नाही.

"मी नीट विचारलंच नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती. वीस वर्षं मी लोकांकडे तसाच पाहत आलो होतो, आणि समोरच्याला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.