उंबरदऱ्याची रेघ

सुकलाल शाळेत गेला तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं. गुरुजी काय विचारतात ते कळायला दुसरी उजाडली. तोवर बराच मार खाऊन झाला होता. म्हणून मोठेपणी, साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या शाळांना शिकवण्यात मदत करायची कंत्राटी नोकरी लागल्यावर, त्याने एकच हट्ट धरला. मुलांनी आधी घरच्या बोलीत गोष्ट सांगायची, बाईंनी ती फळ्यावर लिहायची, मुलांनी तीच वाचायची. मराठीचा धडा त्यानंतर.

सात शाळांनी हे वर्षभर करून पाहिलं. विस्तार अधिकारी बन्सीलाल साहेबांनी अट घातली होती.

"सातही शाळा वर गेल्या पाहिजेत, सुकलाल. एक जरी घसरली तरी पुढच्या वर्षी बंद."

जुलैत एक चाचणी झाली, फेब्रुवारीत दुसरी. सुकलालने मोठ्या कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या. डावी जुलैची, उजवी फेब्रुवारीची. दोन्हींवर शून्य ते शंभर, सारख्याच अंतराने. उतारा वाचू शकणारी मुलं शंभरात किती, तिथे शाळेचा ठिपका. मग प्रत्येक शाळेचे दोन ठिपके रेघेने जोडले. जितका चढ उभा, तितका फरक मोठा.

बावीसवरून पस्तीस. तीसवरून एकेचाळीस. सहा रेघा चढल्या.

सातवी सगळ्यांना कापत खाली आली. पन्नासवरून अडतीस. उंबरदरापाडा. त्याचाच पाडा. तिथल्या शिक्षिका गुंताबाईंची शाळा.

तो कागद घेऊन सकाळीच पाड्यावर गेला. गुंताबाई पोषण आहाराचे तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, हे काय झालं?"

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "जुलैमा बारा पोरं व्हतात, भाऊ. सहा वाचेत. चार पोरं ऊसतोडले ग्यात. ज्या वाचेत त्याच."

सुकलालने बोटांवर मोजलं. म्हणजे आठ उरली. त्यातली दोनच जुलैत वाचत होती, आता तीन वाचत होती. त्याने बारा मुलांचा ठिपका आठ मुलांच्या ठिपक्याला जोडला होता. दोन्ही चाचण्या दिलेली आठच मुलं धरली, तर पंचवीसवरून अडतीस. रेघ वर जात होती.

त्याने बाकीच्या सहा शाळांच्याही याद्या तपासल्या. तिथे दोन्ही वेळा तीच मुलं होती. मग नवा कागद घेतला. गुंताबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"बठ्ठ्या रेघा वर ग्यात. बरं झालं," त्या म्हणाल्या. "पन मना चार पोरं कोठे शेतस यामा?"

लपवून तर काही करायचं नव्हतं. शिवाय आठ मुलांत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. एवढ्याशा शाळेचा चढ जपूनच वाचायला हवा. त्याने प्रत्येक शाळेच्या नावापुढे मुलांची संख्या लिहिली. उंबरदऱ्यापुढे आठ. खाली टीप: चार मुले ऊसतोडीला, दुसऱ्या चाचणीस नव्हती.

गुंताबाईंनी मान डोलावली.

बैठक केंद्रशाळेत झाली. गुंताबाईंसह सातही शाळांचे शिक्षक आले होते. साहेबांनी कागद भिंतीला लावला आणि खूश झाले. "वा! सातही वर. तुझ्या बोलीने बाजी मारली बुवा. पुढचं वर्ष मंजूर."

मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं बोट रेघांवरून फिरत उंबरदऱ्यावर थांबलं.

"आठ? हजेरीपटावर तर बारा आहेत."

"साहेब, ती चार मुलं हंगाम संपला की येतात," सुकलाल म्हणाला. "दरवर्षी येतात. नाव काढलं तर परत शाळेतच यायची नाहीत."

"येतील तेव्हा येतील. आज आठ आहेत, हे तूच लिहिलंस." साहेबांनी मोबाइलने फोटो काढला. "दहाच्या आत पट. ही शाळा बंद करून खालच्या गावच्या शाळेला जोडावी लागेल."

"साहेब, मधे नाला आहे. चार किलोमीटर. पावसाळ्यात—"

"मी काय करू? नियम मी केला का?"

सुकलाल कागद काढायला पुढे झाला. "मी दुसरा काढून आणतो. हा चुकलाय."

"काय चुकलंय यात?"

काहीच चुकलं नव्हतं. त्याने गुंताबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

नंतर त्याने तीन अर्ज दिले. पोच मिळाली. मार्चअखेर आदेश निघाला. गुंताबाईंची बदली झाली. सहा शाळांत आजही मुलं आपल्या बोलीतली गोष्ट फळ्यावर वाचतात.

एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. सुकलाल त्या दिवशी पाड्यावर होता. चारही मुलं गाठोडी घरी टाकून शाळेकडे पळाली. दाराला कुलूप होतं, कुलपाच्या वर आदेशाचा कागद डकवलेला.

सुकलाल हाका मारत मागून धावला. तो पोचेपर्यंत त्यांनी कागद मोठ्याने वाचून काढला होता. एकही शब्द न अडखळता.