वाळलेल्या मालाचा द्रवणांक

पॅरासिटामॉलची एक बॅच मंगळवारी सकाळी द्रवणांकाच्या चाचणीत नापास झाली. मर्यादा १६८ ते १७२ अंश, यंत्रानं १६७.१ दाखवले. चाचणी मी केली होती. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मी गुणवत्ता प्रयोगशाळेत केमिस्ट होते.

ओलाव्यानं द्रवणांक उतरतो, म्हणून माल ओला राहिल्याचं दुपारपर्यंत ठरलं आणि ड्रायरच्या ऑपरेटरला कामावरून थांबवण्यात आलं. मुकुंदवाडीहून येणारा हा कंत्राटी माणूस प्रयोगशाळेच्या दारात आला.

"मॅडम, माल कोरडा हाय. आणखी किती वाळवू, पापड करू का त्याचे?"

ओलाव्याची चाचणी पास होती. मी ते विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी यंत्रावरच्या स्टिकरकडे बोट केलं. "गेल्याच आठवड्यात कॅलिब्रेशन झालंय. यंत्राला दोष देऊ नका."

माल पुन्हा वाळवला. पुन्हा १६७.१. अशुद्ध पदार्थ सहसा लांबत लांबत वितळतो. हा अर्ध्या अंशाच्या आत साफ वितळत होता. हेही सांगितलं. "स्टिकर बघा," एवढंच उत्तर मिळालं.

बुधवारी मी शुद्ध सल्फानिलामाइडची संदर्भ बाटली काढली. प्रमाणपत्रानुसार मिनिटाला एक अंश वेगानं तापवल्यास ते १६५.५ ला वितळतं. आमच्या यंत्रावर त्याच वेगानं ते १६३.६ ला वितळलं. नवी केशनळी भरून वेग पाच अंश केला. आकडा आला १६५.४.

मी कॅलिब्रेशन करून गेलेल्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला.

"वेग किती ठेवला होता?"

"पाच. एकनं तीन-तीन पदार्थ करत बसलो तर संध्याकाळ होते, मॅडम. मला पुढं बिडकीनला जायचं होतं."

"मग आकडे जास्त आले असतील."

"आले ना. दोन अंश वजा करून टाकले. सगळे बरोबर बसले."

नळी ज्या तापत्या धातूच्या ठोकळ्यात बसते, त्या ठोकळ्याचं तापमान तापमापक वाचतो. वेग जास्त असला की नळीतली पूड ठोकळ्याच्या मागे राहते. ती वितळताना दिसेपर्यंत ठोकळा पुढे गेलेला असतो आणि आकडा चढा येतो. ती वाढ त्यानं यंत्राची चूक म्हणून कापली. आम्ही नियमाप्रमाणे एक अंशानं तापवत होतो, म्हणून प्रत्येक आकडा कमी येत होता.

मी दोन्ही आकडे प्रमुखांपुढे ठेवले.

"पण स्टिकर..."

"सर, स्टिकरवर वेग लिहिलेला नाही."

ते म्हणाले, "बोलवा त्याला परत."

गुरुवारी इंजिनिअर आला. जुनी वजाबाकी काढली. व्हॅनिलिन, ॲसिटॅनिलाइड आणि सल्फानिलामाइड एक अंशाच्या वेगानं तपासले. तिन्ही मर्यादेत आले. संध्याकाळ झाली नाही. त्याच बॅचचा राखून ठेवलेला पहिला नमुना, दुसऱ्यांदा वाळवण्याआधीचा, मी दुपारी पुन्हा लावला. तो १६९ अंशांना वितळला.

शुक्रवारी पहिल्या पाळीला ऑपरेटर ड्रायरवर हजर होता.